ट्यूबलाइटखाली चेहऱ्यांवर येणारी हिरवट झाक

वर्गात ट्यूबलाइटखाली काढलेल्या छायाचित्रात चेहरे हिरवट दिसले, तर Lightroom या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील Temp ची पट्टी सरकवून फारसे साधत नाही. ती निळ्या-पिवळ्याचा तोल राखते, तर नळीतील पाऱ्याच्या बाष्पामुळे आणि फॉस्फरच्या लेपामुळे वाढलेला हिरवा अंश कमी करण्यासाठी त्यातीलच Tint ची पट्टी मॅजेंटाकडे न्यावी लागते. मूळ छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या मूळ नोंदीच्या रूपात असेल, तर हे काम सोपे होते. आधी रंगांचा तोल ठरवणाऱ्या ड्रॉपरने फळ्याजवळ धरलेल्या ग्रे कार्डवर, म्हणजे कोणतीही रंगझाक नसलेल्या करड्या कार्डावर, टिचकी द्यावी. गणवेशाचा पांढरा शर्ट त्यासाठी निवडू नये, कारण त्याला बहुधा नीळ दिलेली असते आणि मग सगळे चित्र पिवळट होते. त्यानंतर Tint पाच-पाच अंकांनी वाढवत हनुवटीखालची सावली पाहावी, कारण हिरवटपणा तिथे सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. ओठ आणि कानांच्या पाळ्या गुलाबी-जांभळ्या होऊ लागल्या, की थोडे मागे यावे. खिडकीलगतच्या मुलांवर मात्र दिवसाचा प्रकाश असल्याने तीच दुरुस्ती त्यांचे चेहरे जांभळट करते. तेवढ्या भागावर मास्क घालून Tint वेगळा ठेवावा. शक्य असेल, तर छायाचित्र काढतानाच ट्यूबलाइट किंवा खिडकी यांपैकी एकच प्रकाश ठेवणे अधिक शहाणपणाचे.