वळणावर गाडी घसरते तेव्हा : या चुका टाळा

पावसात घाट उतरताना स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जायला लागली, की आपण स्टिअरिंग आणखी वळवतो. पण तेव्हा पुढच्या टायरांची पकड आधीच संपलेली असते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. टायर वळलेला एका दिशेला असतो आणि जात असतो किंचित वेगळ्या दिशेला. हा फरक वाढतो तशी पकड वाढते, पण मर्यादेपर्यंतच. त्यापुढे जास्त वळवल्याने पकड उलट कमी होते. म्हणून स्टिअरिंग थोडं सैल करावं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. वजन पुढे सरकतं, वेग उतरतो आणि पुढची चाकं पुन्हा धरतात.

मूळ चूक वळणाआधीची, वेगाची. २० मीटर त्रिज्येच्या वळणाला ताशी ३० किलोमीटरला गाडीच्या वजनाच्या साधारण ३५ टक्के इतकी बाजूची पकड लागते, तर ४० ला ६३ टक्के. ओल्या रस्त्यावर एवढी मिळेलच असं नाही.

यापेक्षा धोक्याची चूक म्हणजे घाबरून वळणातच पाय झटकन उचलणं किंवा जोरात ब्रेक दाबणं. १,००० किलोची छोटी गाडी घ्या : उभी असताना पुढे ६०० किलो, मागे ४००. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, दोन आसांमधलं अंतर २.४५ मीटर. ०.४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट इतका ब्रेक लागला, की सुमारे ९० किलो भार पुढे सरकतो. मागे उरतात ३१०, उतारावर त्याहूनही कमी. पकड या भारावरच अवलंबून असते आणि मागच्या चाकांना तेवढ्यातून ब्रेकही लावायचा असतो, वळणही सांभाळायचं असतं. मग मागची बाजू बाहेर फेकली जाते. हा ओव्हरस्टिअर. पुढची चाकं घसरतात तेव्हा हातात स्टिअरिंग हलकं लागतं. मागची सुटली, की गाडी आपण वळवली त्याहून जास्त वळतेय असं आधी कमरेला कळतं. तेव्हा ब्रेक सोडा, नजर जायच्या रस्त्यावर ठेवा आणि मागची बाजू ज्या दिशेला जातेय त्याच दिशेला स्टिअरिंग वळवा. गाडी सरळ होऊ लागताच तेही लगेच सरळ करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फिरते. गाडी घसरू लागताच एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी ईएससी यंत्रणा असेल तर मोठी मदत होते, पण टायरमध्ये नसलेली पकड तीही आणू शकत नाही.

शेवटची चूक टायरच्या दुकानात होते. फक्त दोनच नवे टायर घेतले, तर ‘इंजिन पुढे आहे, पुढेच बसवू’ असं ठरतं. तसं करू नका. झिजलेले टायर मागे गेले, की पाण्यात आधी तेच सुटतात आणि ओव्हरस्टिअर सावरणं अंडरस्टिअरपेक्षा कितीतरी अवघड असतं. नवी जोडी मागे बसवा. पुढच्या टायरांच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ आली असेल, तर चारही बदला.