क्लेम लिहायला बसण्याआधी: सोलर पॅनेल काढलं का?

निफाडजवळच्या एका दादांचा मागच्या महिन्यात फोन आला. "मॅडम, अंबडच्या एका शेडमध्ये आपलंच यंत्र बनतंय. फक्त घरच्या विजेवर चालतं." पुढचं ऐकायची मला गरजच नव्हती. त्या पेटंटचा क्लेम 1, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणारं पहिलं वाक्य, मीच लिहिला होता आणि त्यात 'सोलर पॅनेल' हे दोन शब्द मीच घातले होते. आता दादा दुसरं यंत्र घेऊन येणार आहेत, म्हणून ही यादी. मुळात माझ्यासाठीच लिहिली आहे. कुणाला उपयोग झाला तर उत्तम.

आधी यंत्र सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ कांदा चाळीत गेला की पावसाळाभर ढिगाच्या पोटात ऊब आणि ओल साचते आणि सड तिथूनच सुरू होते. दादांनी ढिगात भोकं पाडलेला पाइप उभा केला, बुडाशी पंखा बसवला आणि ढिगात एक व बाहेर एक असे दोन सेन्सर लावले. इथवर नवीन काही नाही. नवीन आहे ते पंखा कधी लावायचा हे ठरवण्यात. समजा, ढिगात 32 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता आहे, तर बाहेर रात्री 22 अंश आणि 80 टक्के. टक्केवारी बघितली तर बाहेरची हवा जास्त दमट वाटते आणि साधा कंट्रोलर पंखा बंदच ठेवतो. पण थंड हवेत पाणी मावतंच कमी. त्या बाहेरच्या हवेत दर घनमीटरला सुमारे साडेपंधरा ग्रॅम पाणी असतं, ढिगातल्या हवेत सुमारे 22 ग्रॅम. म्हणजे बाहेरचीच हवा कोरडी, पंखा लावायलाच हवा. दादांचा कंट्रोलर टक्केवारी सोडून हे ग्रॅम ताडून बघतो. शोध एवढाच.

तर पहिलं काम: क्लेमच्या कागदाला हात लावण्याआधी 'शोध एवढाच' असं एक वाक्य स्वतःच्या भाषेत लिहा. यंत्राचं वर्णन नको, युक्तीचं हवं. आधीचं काम शोधल्याशिवाय ते वाक्य खरं आहे की नाही ते कळत नाही, तेव्हा सर्च झालेला असावा. सर्च कसा करायचा ते इथे सांगत बसत नाही.

दुसरं काम म्हणजे या यादीचं कारण. क्लेम 1 मधल्या प्रत्येक नामावर आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे काढून टाकलं तर युक्ती चालते का? चालत असेल तर तो शब्द क्लेम 1 मधून बाहेर. मी फाइल केलेला क्लेम मराठीत असा होता: 'कांदा साठवण्याची यंत्रणा, जिच्यात कांद्याची चाळ, 4 इंची पीव्हीसी पाइप, त्याला 6 मिलिमीटरची भोकं, सोलर पॅनेलवर चालणारा पंखा, ढिगातला व बाहेरचा सेन्सर, आणि दोन्हीकडच्या हवेतल्या पाण्याची तुलना करून पंखा चालू-बंद करणारा कंट्रोलर आहे.' वाचायला काय छान, सगळं नेमकं! आणि सगळंच चुकलेलं. कारण टेबलावर जे यंत्र होतं ते मी बघून बघून उतरवून काढलं. दादांच्या चाळीवर वीज टिकत नाही म्हणून त्यांनी सोलर बसवला होता. तो त्यांच्या वस्तीचा प्रश्न होता, शोधाचा नव्हे.

नवीन लोकांच्या डोक्यात इथे एक गोष्ट उलटी बसलेली असते. सातबाऱ्यावर आकडा वाढला की जमीन वाढते. क्लेममध्ये शब्द वाढला की जमीन कमी होते. उल्लंघन ठरवताना क्लेममधला एकेक घटक समोरच्याच्या यंत्रात आहे का, हे बघतात. अंबडवाल्याकडे सेन्सर आहेत, पंखा आहे, पाण्याची तुलना करणारा कंट्रोलरही आहे. सोलर पॅनेल नाही. संपलं. 'गाभा तोच आहे' असा युक्तिवाद कोर्टात करता येतो, पण दोन शब्दांपायी ज्यावर वकील लावावा लागतो तो क्लेम चांगला लिहिला असं कोण म्हणेल?

मग नंतर काढू की ते सोलर पॅनेल, असं वाटत असेल तर इथेच थांबा. भारतात ते निघत नाही. पेटंट कायद्याचं कलम 59 सांगतं की दुरुस्त केलेला क्लेम आधीच्या एखाद्या क्लेमच्या हद्दीत पूर्णपणे बसला पाहिजे. सोलर पॅनेल नसलेलं यंत्र आधीच्या हद्दीबाहेर जातं. परीक्षण अहवालाला उत्तर देताना मी तो शब्द गाळून बघितला आणि आक्षेप आला तो अगदी बरोबर आला. क्लेम आक्रसता येतो, फुगवता येत नाही. डिव्हिजनल, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज, हा मागचा दरवाजा नाही, त्याला मूळ अर्जात एकाहून जास्त शोध असावे लागतात. अर्ज प्रसिद्ध होण्याआधी चूक लक्षात आली तर मागे घेऊन नव्याने भरता येतो, पण जुनी तारीख जाते. दादांनी मधल्या काळात यंत्र प्रदर्शनात मांडलं होतं, म्हणजे नव्या तारखेला ते नवीन उरलं नव्हतं, त्यामुळे ती वाटही बंद. म्हणून पुन्हा सांगते: सोलर पॅनेल फाइल करण्याआधी काढायचं, नंतर नाही.

हे शब्द सापडतात कसे? मी एकटीने वाचून सापडले नव्हते, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचा शब्द खटकत नाही. शोध लावणाऱ्यालाच विचारायचं. परवा दादांसमोर क्लेम मराठीत वाचला आणि म्हटलं, "दादा, हेच यंत्र तुम्हाला चोरायचं असतं तर काय बदललं असतं?" चहाचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर आलं: "पहिला सोलर काढला असता. तेवढंच महाग आहे त्यात." हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारायला माझं काय जात होतं? आपल्याकडे क्लेम इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागतात आणि शेतकरी कागदावर मान डोलावून सही करतो. मराठीत वाचून दाखवा.

आता उलट बाजू, कारण सोलर काढायच्या झपाट्यात माणूस पाया पण काढतो. 'आर्द्रतेनुसार पंखा चालवणारा कंट्रोलर' एवढंच ठेवलं तर क्लेम ऐसपैस होतो आणि पहिल्याच जुन्या दस्तावर आपटतो, कारण टक्केवारी बघून पंखा लावणारी यंत्रं आधीपासून आहेत. ग्रॅमची तुलना हा शब्दसमूह काढता येत नाही. काढल्यावर युक्तीच उरत नाही, म्हणजे तो अनावश्यक नाही. तीच कसोटी, फक्त उत्तर वेगळं. पण तिथेही नीट बघा: 'निरपेक्ष आर्द्रता ग्रॅममध्ये मोजणारा' असं लिहिलं तर उद्या कुणी दवबिंदू काढून तीच तुलना करेल आणि सुटेल. 'तापमान व आर्द्रतेवरून हवेतल्या पाण्याचं प्रमाण दर्शवणारं मूल्य' असं लिहा, आणि निरपेक्ष आर्द्रता व दवबिंदू ही दोन्ही उदाहरणं वर्णनात द्या.

वर्णनावरून आठवलं. क्लेममध्ये 'वीजस्रोत' असा रुंद शब्द हवा असेल तर वर्णनात सोलर, घरची वीज आणि बॅटरी तिन्हींबद्दल एकेक वाक्य तरी हवंच. कलम 10 प्रमाणे क्लेम वर्णनावर रास्तपणे आधारलेला असावा लागतो. वर्णनात फक्त सोलर आणि क्लेममध्ये 'कोणताही स्रोत', असं चालत नाही. खरं तर दादांच्या क्लेम 1 मध्ये वीजस्रोत लिहायचीसुद्धा गरज नव्हती. पंखा म्हटलं की तो कशावर तरी चालणारच.

चाळ. हा माझा दुसरा गुन्हा, जरा कमी प्रतीचा. क्लेममध्ये 'कांद्याची चाळ' हा घटक घातला तर यंत्र बनवून विकणाऱ्याच्या खोक्यात चाळ नसते. चाळ शेतकऱ्याकडे असते. म्हणजे पकडायचं कारखानदाराला आणि क्लेममध्ये पूर्ण बसतो तो शेतकरी, दादांचंच गिऱ्हाईक. विकणाऱ्याच्या खोक्यात जे असतं तेच घटक म्हणून लिहा आणि चाळीचा उल्लेख 'ढिगात बसवता येईल असा पाइप' एवढाच ठेवा. 'कांद्याच्या' सुद्धा नको. लसूण, बटाटा का सोडायचा?

मग सोलर पॅनेल, 4 इंच, 6 मिलिमीटर फेकून द्यायचे का? नाही. ते अवलंबी क्लेममध्ये, म्हणजे क्लेम 1 वर टेकून त्यात भर घालणाऱ्या क्लेममध्ये जातात. 'क्लेम 1 मधील यंत्रणा, जिच्यातील पंखा सोलर पॅनेलवर चालतो', असा क्लेम 5 किंवा 6. उद्या क्लेम 1 वर जुना दस्त निघाला तर मागे सरकायला हीच पायरी असते, आणि मागे सरकायला कलम 59 ची हरकत नाही. आकडे एकदम चार इंचांवर आणू नका. आधी प्रयोगात खरोखर चाललेली रेंज, मग नेमका आकडा. दहा क्लेमपर्यंत जादा फी नाही. त्यापुढे ऑनलाइन भरताना वैयक्तिक अर्जदाराला प्रत्येक क्लेमला 320 रुपये. पाच पायऱ्या जास्त लागल्या तर 1600 रुपये. सोलर पॅनेलने किती गेले ते दादांना विचारा.

बाकीचं भराभर. 'कम्प्रायझिंग' लिहा, 'कन्सिस्टिंग ऑफ' नको. दुसऱ्याचा अर्थ एवढंच आणि आणखी काही नाही असा होतो, म्हणजे समोरच्याने एक दिवा जोडला की तो मोकळा. सेन्सर ढिगात आणि बाहेर प्रत्येकी 'किमान एक' म्हणा. 'सुमारे', 'शक्यतो', 'योग्य आकाराचा' हे शब्द दिसले की खोडा, परीक्षक विचारणारच. सेन्सरचा मॉडेल नंबर क्लेममध्ये नको. 'सदर कंट्रोलर' म्हणताना कंट्रोलर आधी आलेला असू द्या. मी एकदा क्लेम 4 मध्ये 'सदर झडप' लिहिली होती, झडप कुठेच नव्हती. आकृतीतले क्रमांक कंसात. पद्धतीचा क्लेम लिहिलात तर कलम 3(h) खाली शेतीची पद्धत म्हणून आक्षेप येऊ शकतो, यंत्रणेचा क्लेम पुढे ठेवा. प्रोव्हिजनल, म्हणजे आधीचा तात्पुरता अर्ज भरला असेल तर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मोजा आणि अकराव्यात लिहायला घ्या. मी शेवटच्या दोन दिवसांत लिहिला होता.

वर्णन आणि क्लेम ज्यात जातात तो फॉर्म 2 अपलोड करण्याआधी क्लेम 1 छापा, लाल पेन घ्या, प्रत्येक नामाला गोल करा. दादांच्या नव्या यंत्राच्या कच्च्या मसुद्यात काल रात्री अकरा गोल झाले. त्यात एक 'स्टेनलेस स्टीलचा' आहे. सकाळी त्यांना फोन करायचाय.