हापूस: प्रतवारी कशी करावी, कोणाला कोणता भाव द्यावा

हापूसच्या भावाचा हिशेब काढणीपासूनच सुरू होतो. फळ झेल्याने, दोन-तीन सेंटिमीटर डेख ठेवून काढा. डेख तुटलं की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि निर्यातदार ते फळ बाजूला काढतो.

आधी तयारी तपासा. साध्या पाण्याच्या टबात तरंगणारं फळ कोवळं असतं, बुडणारं तयार. बुडालेली फळं मग मिठाच्या पाण्यात सोडा: 10 लिटरला 250 ग्रॅम मीठ. इथे तरंगतील ती साक्याच्या, म्हणजे आतला गर खराब निघण्याच्या दृष्टीने सुरक्षित. तळाशी जातील त्यांत साका निघण्याची शक्यता जास्त, आणि साका बाहेरून दिसत नाही. ही फळं निर्यातीला किंवा कुरिअरने पाठवू नका, रसासाठी कॅनिंगला किलोवर द्या. चांगली फळं गोड्या पाण्याने धुऊन सुकवा.

मग वजनकाट्यावर फळं वेगळी करा: 200 ते 250 ग्रॅम, 250 ते 300 आणि त्याहून मोठी. निर्यातीला मधला गट, डाग नसलेला, चौदा आणे तयार. सालीवर किरकोळ खरचटलेलं पण आतून उत्तम फळ घरगुती गिऱ्हाइकाला चालतं, फक्त तसं आधी सांगा. पेटीत मात्र वर मोठी, खाली बारकी असं कधीच भरू नका. बाजारात खालचा थर उघडून बघतात आणि मग अख्ख्या पेटीचा भाव बारक्यांवर ठरतो.

भाव ठरवताना बोललेला दर बघू नका, डझनामागे हातात काय उरतं ते बघा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, जागी तुमचे घाला.

निर्यातदार 700 रुपये डझन देतो, पण 10 डझनांतले 2 डझन परत करतो. ते 300 नी विकले, तर 5600 अधिक 600, म्हणजे 6200. डझनाला 620, वाहतुकीचे 40 वजा जाता 580.

घाऊक बाजारात पाच डझनांची पेटी 2500 ला गेली, खोका, वाहतूक, हमाली 350. उरले 2150, डझनाला 430.

किरकोळीत 900 रुपये डझन. खोका, गवत, कुरिअर 180, आढीची मजुरी 45, आणि बारा फळांत एक बदलून द्यावं लागेल असं धरून 75. उरले 600.

किरकोळ आणि निर्यात यांत फरक फक्त 20 रुपयांचा. म्हणून ओळखीच्याने 850 म्हटलं तर हातात 550च येतात, निर्यातीपेक्षा कमी. घाऊकपेक्षा ते जास्त आहेत, तेव्हा निर्यातीला न बसणाऱ्या फळावर ही सूट द्यायला हरकत नाही. पण निर्यातीच्या फळाला 880 च्या खाली उतरू नका. किरकोळीला मर्यादा ऑर्डरींची: पिकायला लागलेला आंबा थांबत नाही, त्यामुळे पक्क्या ऑर्डरीएवढाच माल आढीत घाला. उरलेला त्याच दिवशी घाऊकला लावा. मेमध्ये आवक वाढली की पेटीचा भाव उतरतो, तेव्हा हे तिन्ही हिशेब दर आठवड्याला नव्याने करा.