उतारा झाकून गुणदान योजना तपासा

सहा गुणांच्या स्रोताधारित प्रश्नात मुले उतारा न वाचता पाठ केलेली टीप उतरवतात आणि आपली गुणदान योजना त्यांना चार-पाच गुण देऊन टाकते.

व्हिक्टोरिया राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यातला नोकऱ्यांविषयीचा परिच्छेद दिला आहे असे धरा.

१. गुण १+२+३ असे फोडा. जाहीरनामा कोणाच्या नावाने निघाला, याला १. नोकऱ्यांबाबतचे वचन आणि त्याला जोडलेली अट, यांना प्रत्येकी १. वचन कितपत पाळले गेले, याला ३.

२. प्रत्येक गुणासमोर 'उ' (उताऱ्यातून) किंवा 'ज्ञा' (पूर्वज्ञानातून) लिहा. तीन गुणांच्या भागात १ गुण 'शक्य असेल तेथवर' या शब्दांकडे बोट दाखवल्याबद्दल, १ बाहेरच्या पुराव्याला (सनदी नोकरीची परीक्षा लंडनला, पुढे तिची वयोमर्यादा २१ वरून १९), आणि १ या दोहोंना जोडून काढलेल्या निष्कर्षाला.

३. आता उतारा झाकून स्वतः उत्तर लिहा आणि योजनेने तपासा. तीनपेक्षा जास्त गुण मिळाले तर 'उ' कमी पडले आहेत. बहुतेक वेळा गळती शेवटच्या भागातच असते. तिथे 'उताऱ्याचा आधार नसल्यास कमाल १' अशी ओळ घाला.

एक जपा: 'उ' म्हणजे उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे नव्हे. मुलाने स्वतःच्या शब्दांत 'सरकारने पळवाट ठेवली' असे लिहून ती कुठल्या शब्दांत आहे हे दाखवले, तर तो गुण पूर्ण द्या. नुसते वाक्य उतरवले असेल तर देऊ नका.