बऱ्याच पानांचं स्टेटमेंट एका टेबलात कसं आणायचं, बेरीज पुढं ओढलेली असेल तर

मार्च संपला की शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर हे काम हमखास निघतं. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये येतं, सीएला ते एक्सेलमध्ये एकसलग पाहिजे असतं. कॉपी-पेस्ट तर कोणीही करतंय, पण प्रत्येक पानाच्या शेवटी C/F म्हणजे पुढं नेलेली रक्कम आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला B/F म्हणजे मागून आणलेली रक्कम, अशी जी ओळ असते ना, तीच सगळा घोळ करते.

समजा तीन पानं आहेत आणि सुरुवातीची बाकी 42,500. पहिल्या पानावर 61,200 नावे, दुसऱ्यावर 97,750, तिसऱ्यावर 20,400, म्हणजे एकूण नावे 1,79,350. पण हे स्टेटमेंट बेरीज पुढं ओढणारं आहे, त्यामुळं दुसऱ्या पानाच्या तळाला 97,750 नाही तर 1,58,950 दिसणार. आता सगळ्या ओळी तशाच ठेवून खालपर्यंत SUM मारला तर उत्तर 7,99,000 येतं, कारण पुढं ओढलेली बेरीज पुन्हा पुन्हा मोजली जाते. म्हणून बरेच जण या ओळी दिसल्या की लगेच डिलीट करतात. तसं करू नका, पानांचा जोड बरोबर बसलाय का हे सांगणारा पुरावा तेवढाच असतो.

पेस्ट करतानाच दोन जादा कॉलम करा, A मध्ये पान नंबर आणि B मध्ये ओळ नंबर, वरून खालपर्यंत सलग. एका तारखेच्या पाच-सहा नोंदी असतात आणि चुकून कशावर तरी सॉर्ट झालं की मूळ क्रम गेलाच, मग बाकी जुळत नाही. ओळ नंबर असला की पुन्हा जागेवर आणता येतं. त्यापुढं C तारीख, D तपशील, E नावे, F जमा, G बाकी आणि H मध्ये प्रकार.

आता तारखेच्या कॉलमला फिल्टर लावून रिकाम्या तारखेच्या ओळी समोर आणा. इथं जरा सावकाश, कारण रिकामी तारीख म्हणजे B/F किंवा C/F च असं नसतं. लांब तपशील पान संपताना मधेच तुटतो आणि उरलेला तुकडा पुढच्या पानावर B/F च्या खाली जाऊन बसतो, तो तुकडा आधीच्या नोंदीच्या तपशिलाला जोडायचा आणि ती ओळ काढायची. पहिल्या पानाची सोडून बाकी प्रत्येक पानावरची हेडिंगची ओळ पण काढून टाका. B/F, C/F आणि शेवटची बेरीज यांना H मध्ये "ओढ" लिहा, खऱ्या व्यवहारांना "नोंद".

रकमेत स्वल्पविराम किंवा शेवटी Cr, Dr चिकटलेलं असेल तर एक्सेल बऱ्याचदा त्याला आकडा मानत नाही, मग SUM त्याला गुपचूप सोडून देतो. फक्त E, F, G कॉलम निवडून Find & Replace नं स्वल्पविराम आणि Cr काढा, आणि कॅश क्रेडिट खात्यात बाकी Dr असेल तर Dr काढून ती रक्कम मायनस करा.

मग पानावार नावे बाजू तपासा:

```
=SUMIFS(E:E,A:A,2,H:H,"नोंद")
```

हे उत्तर दुसऱ्या पानाच्या C/F मधून त्याच पानाची B/F वजा करून येणाऱ्या आकड्याएवढं पाहिजे, 1,58,950 वजा 61,200 म्हणजे 97,750. तुमच्याकडं 85,000 आलं तर 12,750 ची नोंद राहिलीय, आणि ती दोन नंबरच्या पानावरच आहे हे पण कळलं, सगळं स्टेटमेंट चाळायची गरज नाही. जमा बाजू F घेऊन तशीच बघा. काही बँका बेरीज पुढं ओढत नाहीत, फक्त बाकी ओढतात किंवा त्या पानापुरती बेरीज देतात, तेव्हा वजाबाकी करायची नाही. कुठला प्रकार आहे ते दुसऱ्या पानावरच समजतं, तळाची बेरीज त्या पानाच्या नोंदींएवढीच असली की ती त्या पानापुरती.

पान सापडलं, आता ओळ. "ओढ" च्या ओळी वेगळ्या शीटवर हलवा, मागं रिकाम्या ओळी उरल्या तर त्या डिलीट करा, पहिली नोंद दुसऱ्या ओळीत येऊ दे, आणि तिसऱ्या ओळीपासून I मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=ROUND(G3-(G2+F3-E3),2)
```

सगळीकडं शून्य यायला पाहिजे. जिथं पहिल्यांदा -12,750 दिसेल त्याच्या बरोबर वर ती नोंद हरवलीय, बहुतेक वेळा पानाच्या सांध्यावरच. पहिली नोंद मात्र 42,500 वरून हातानं तपासा, तिच्यावर हा फॉर्म्युला चालत नाही.

एखादी नोंद दोनदा आली असेल असं वाटून Remove Duplicates दाबू नका. एकाच दिवशी हमालीचे दोन सारखेच पेमेंट खरोखर झालेले असतात. बाकीचा कॉलम बघा, दोन्ही ओळींत बाकी वेगळी असेल तर दोन्ही नोंदी खऱ्या. बाकी सुद्धा तीच असेल आणि I मध्ये त्या ओळीला नेमका त्या रकमेचा फरक दिसत असेल तर ती ओळ दोनदा पेस्ट झालीय, दुसरी काढा.

शेवटी एकूण जमा 2,10,000 धरून 42,500 + 2,10,000 − 1,79,350 = 73,150, आणि हाच आकडा तिसऱ्या पानाच्या तळाला बाकी म्हणून छापलेला असला की फाईल सीएला पाठवा, "ओढ" ची शीट सुद्धा त्यातच राहू दे.