बोलणं संपलं, पण डोक्यातलं संपत नाही: या चुका टाळा

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटतात. मुलाला इंजिनिअरिंगला हवं ते कॉलेज मिळालं नाही म्हणून सांगतात आणि आपण पटकन बोलून जातो, "हल्ली इंजिनिअरिंगला विचारतंय कोण, काकू!" धीर द्यायला म्हणून म्हटलेलं असतं. त्या "हो ना" म्हणतात, पाण्याच्या टँकरचा विषय निघतो, दोघी आपापल्या घरी जातात. आणि रात्री अकरा वाजता, दिवा मालवल्यावर, ते वाक्य परत ऐकू येऊ लागतं. काय बोललो आपण! काय वाटलं असेल त्यांना?

इथे पहिली चूक होते ती "एकदा नीट आठवून बघू, म्हणजे मनातून जाईल" असं म्हणण्याची. जात नाही. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये लोकांमध्ये वावरतानाच्या भीतीची जी मांडणी केली, तिच्यात या नंतरच्या उजळणीला स्वतंत्र जागा आहे. बोलताना आपलं निम्मं लक्ष स्वतःकडेच असतं, त्यामुळे समोरच्याचा चेहरा आपण धड पाहिलेलाच नसतो. मग रात्री ती रिकामी जागा भरायला एकच गोष्ट हाताशी असते, आपल्याला आतून वाटलेला ओशाळेपणा. मला कसंनुसं झालं, म्हणजे त्यांनाही ते दिसलंच असणार! दर उजळणीत काकूंचं "हो ना" थोडं अधिक थंड होत जातं. नवीन माहिती एका अक्षराचीही मिळालेली नसते.

त्यापेक्षा उठून कागदावर लिहा. मी नेमकं काय म्हटलं, त्या शब्दशः काय म्हणाल्या, पुढे काय झालं. "त्यांना वाईट वाटलं" हे लिहायचं नाही, तो आपला अंदाज आहे. "हो ना म्हणाल्या, मग टँकर किती वाजता येणार ते विचारलं" हे लिहायचं. पाच ओळींत संपतं. संपलं की कागद मिटायचा, दुसरी आवृत्ती काढायची नाही.

लिहिताना "मी अशी का आहे?" हा प्रश्न शिरू देऊ नका. 'का'चा प्रश्न त्या एका वाक्यावरून थेट आपल्या स्वभावावर जातो, तिथून शाळेतल्या स्नेहसंमेलनापर्यंत, आणि त्याला उत्तर असं नसतंच. "पुढच्या वेळी काय म्हणेन?" याला मात्र उत्तर आहे. "अरेरे, मग आता काय ठरवलंय त्याने?" एवढं वाक्य सुचलं की काम झालं.

सगळ्यात चिवट चूक मात्र खात्री करून घेण्याची. काकूंचं लास्ट सीन बघणं, सकाळच्या शुभेच्छांना निळी टिक आली पण उत्तर का नाही म्हणून झुरणं, नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारणं, "मी काही चुकीचं बोलले का रे?" तो "छे" म्हणतो, दहा मिनिटं बरं वाटतं, मग "हा आपला माझं मन राखायला म्हणतोय" सुरू. शिवाय दर वेळी मनाला एकच कळतं, की धोका खरा होता म्हणूनच तपासावं लागलं. रात्री पाठवलेला लांबलचक माफीचा मेसेज तर भलताच महागात पडतो. जे काकूंच्या लक्षातही नव्हतं, ते आपण ठळक करून देतो.

माफी मागूच नये असं नाही. सकाळी चहा पिऊन झाल्यावरही ते वाक्य बोचणारं वाटत असेल, तर समोर भेटल्यावर एकच ओळ: "काकू, परवा मी जरा पटकन बोलून गेले, सॉरी हं." मागे स्पष्टीकरणाचं शेपूट नको.

विचार दाबूनही भागत नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं डॅनियल वेग्नर यांनी 1987 च्या प्रयोगात लोकांना सांगितलं, तर ते अस्वल सारखं येत राहिलं. म्हणून मनाला "नको" न म्हणता "उद्या" म्हणायचं. उद्या संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, याचाच विचार. आत्ता फक्त पंख्याचा आवाज, मग रस्त्यावरचा, मग कुकर लावलाय कुणी इतक्या रात्री, तो. लक्ष परत वाक्यावर गेलं तर परत पंख्यावर आणायचं. साडेसहाला बहुधा विषयच शिळा झालेला असतो. नसला तर पंधरा मिनिटं खुशाल विचार करा, पण घड्याळ लावून.

हे सगळं अधूनमधून मन खाणाऱ्यांसाठी. पण काकू भेटतील म्हणून जिना टाळणं, मीटिंगमध्ये तोंडच न उघडणं, लग्नकार्याला न जाण्याची कारणं शोधणं असं सहा-सहा महिने चाललं असेल, तर कागद-पंख्यावर विसंबू नका. त्यावर सीबीटी नावाची उपचारपद्धती आहे आणि ती नेमकी याच उजळणीवर काम करते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि त्या फोनवर आपण काय बोललो याची रात्री उजळणी सुरू झाली, तर पुढच्या वेळी तेही त्यांना सांगा, त्यांच्या उपयोगाचंच आहे ते.