उपकेंद्रातल्या सिस्टरने रजेचा अर्ज कसा लिहावा

गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नव्याने रुजू झालेल्या मुली पहिल्या मोठ्या रजेच्या वेळी माझ्याकडे अर्ज दाखवायला आणतात. किरकोळ रजेचं काही अवघड नसतं. एक-दोन दिवसांचा मामला, चार ओळी लिहिल्या की वैद्यकीय अधिकारी सर सही करतात. गाडी अडते ती अर्जित रजेवर. दहा-बारा दिवस उपकेंद्र सोडायचं, तेही मे महिन्यात, लग्नाच्या आणि तेंदूपत्त्याच्या ऐन हंगामात.

आधी हिशेब पाहून घ्या. नियमित सेवेत असाल तर अर्जित रजा जानेवारीत १५ आणि जुलैत १५ दिवस अशी खात्यावर जमा होते. नवीन रुजू झालेलीच्या पहिल्या सहामाहीत मात्र पूर्ण भरलेल्या महिन्यामागे अडीच दिवसच धरतात. कंत्राटी असाल तर तुमच्या करारपत्रातल्या अटी लागू, तिथे हा हिशेब चालवू नका. खात्यावर शिल्लक किती, हे बाबूंकडून विचारूनच तारखा टाका. नाहीतर अर्ज तिथूनच परत येतो.

२०२५ मध्ये शेजारच्या उपकेंद्रातल्या एका मुलीने अर्ज आणला होता. घरी बहिणीचं लग्न, माहेर वाशिमकडे, येण्याजाण्यातच दोन दिवस मोडणार. तिने लिहिलं होतं: ‘मी दि. १३ मे पासून रजेवर जात आहे. माझ्या गैरहजेरीत माझे काम शेजारील सिस्टर पाहतील. तरी रजा मंजूर करून उपकृत करावे ही चरणी नम्र विनंती.’

शेवटी ‘चरणी’ आहे, पण पहिल्याच वाक्यात ‘जात आहे’ आहे. म्हणजे निर्णय तिने घेतला आणि सरांना फक्त कळवलं. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणं न करणं अधिकाऱ्याच्या हाती असतं, हे नियमातच आहे. तेव्हा आदर दाखवायचा तो क्रियापदात: ‘मिळावी’, ‘प्रस्तावित आहे’, ‘आपल्या आदेशाप्रमाणे’. ‘चरणी’ काढून टाका, त्याने कोणी खूश होत नाही. दुसरी गोष्ट, ‘शेजारील सिस्टर पाहतील’ हे ठरवणारे आपण कोण? शेजारच्या सिस्टरला कामाचा आदेश वैद्यकीय अधिकारी देतात. आपण तिला विचारायचं, ती हो म्हणाली की तसा प्रस्ताव मांडायचा. त्या मुलीने तिला विचारलंच नव्हतं. तिच्या डोक्यावर आधीच पाच गावं, त्यात आणखी चार येऊन पडणार हे तिला सरांच्या फोनवरून कळलं असतं, तर तिने काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

मग आम्ही बसून अर्ज नव्याने लिहिला. नावं गाळून देते:

‘प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र …
मार्फत: मा. आरोग्य सहायिका

विषय: दि. १३ मे ते २४ मे या कालावधीत १२ दिवस अर्जित रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
माझ्या बहिणीचा विवाह दि. २० मे रोजी वाशिम जिल्ह्यात असल्याने मला वरील कालावधीत अर्जित रजा मिळावी, तसेच मागे दि. ११ व १२ मे आणि पुढे दि. २५ मे या सुट्ट्या जोडून घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. मी दि. २६ मे रोजी सकाळी कर्तव्यावर हजर होईन.

रजेच्या काळात उपकेंद्राचे काम खालीलप्रमाणे चालावे, असे प्रस्तावित आहे. शेजारील उपकेंद्राच्या आरोग्यसेविका श्रीमती अ. ब. क. यांच्याशी बोलणे झाले असून त्यांची संमती आहे. त्यांची सही खाली आहे. दि. १५ व २० मे ही लसीकरण सत्रे त्या घेतील. देय लाभार्थ्यांच्या याद्या आशांकडे दिल्या आहेत. जोखमीच्या गरोदर मातांची यादी स्वतंत्रपणे त्यांना समक्ष देत आहे. औषधसाठा मोजून उपकेंद्राच्या किल्ल्या दि. १० मे रोजी त्यांच्याकडे देईन. यात आपणास काही बदल योग्य वाटल्यास त्याप्रमाणे करीन.

रजेतील पत्ता व संपर्क: … (घरी रेंज नसल्यास दुसरा क्रमांक: …)

आपली विश्वासू,’

सुट्ट्यांचा मुद्दा नवीन मुली हमखास विसरतात. ११ मे रविवार, १२ ला बुद्ध पौर्णिमा, २५ पुन्हा रविवार. तारीख १३ ते २४ असली तरी ती प्रत्यक्षात १० तारखेच्या संध्याकाळी गाव सोडणार. सुट्टी जोडायची परवानगी मागितली नाही आणि ११ तारखेला रात्री कोणी बाळंतपणासाठी दार ठोठावलं, तर सिस्टर मुख्यालयात नाही अशी तक्रार होते. मंजूर रजा हातात असूनही.

कारण एका ओळीत पुरतं. घरातली तंगी, वडिलांचा बीपी, मांडव कोण घालणार, हे काही लिहू नये. सरांनी विचारलं तर तोंडी सांगता येतं. अर्जाचा मोठा भाग कामाच्या व्यवस्थेला द्या, कारण सही करताना सरांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: मधल्या काळात काही झालं तर मला कोणाला फोन लावायचा?

जोखमीच्या मातांची नावं अर्जात का नाहीत, हे त्या मुलीने विचारलंच. अर्ज आवक टेबलावर जातो, बाबूंच्या फाईलला लागतो, कधी तालुक्याला जातो. कोणाला सिकलसेल आहे, कोणाचं आधी मूल गेलं आहे, ही माहिती त्या वाटेने फिरू नये. आपल्याकडे सिकलसेलचं नाव निघालं की घरातल्या दुसऱ्या मुलींच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. म्हणून अर्जात फक्त ‘यादी समक्ष देत आहे’ एवढंच लिहायचं, आणि यादी हाताने लिहून हातातच द्यायची. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकू नका.

ही यादीच खरा कार्यभार. ती करताना रजेच्या तारखांमध्ये कोणाची प्रसूती अपेक्षित आहे एवढंच पाहिलं तर फसगत होते. अपेक्षित तारीख ही शेवटच्या पाळीवरून काढलेली, ४० आठवड्यांची. ३७ आठवडे भरले की बाळंतपण कधीही होऊ शकतं. म्हणून रजा २४ ला संपत असली तरी १४ जूनपर्यंत अपेक्षित तारीख असलेल्या सगळ्या बाया यादीत घ्या, आणि तारीख उलटूनही बाळंत न झालेल्याही. तिच्या चार गावांतून अशा पाच निघाल्या. त्यातल्या तिघींसाठी तिने असं लिहिलं:

‘पहिली: सिकलसेलग्रस्त, अपेक्षित तारीख २२ मे. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयातच, गावात किंवा उपकेंद्रात नाही. सासू तयार आहे, नवरा तेंदूपत्ता खरेदीच्या फळीवर असतो, संध्याकाळीच भेटतो. १७ तारखेपर्यंत दवाखान्याच्या माहेरघरात आणायचं, आशाला सांगितलं आहे. दुसरी: आधीचं सिझर, तारीख २९ मे. पोटात दुखायला लागलं की वाट न बघता १०२ ला फोन. नाल्यापलीकडच्या टोल्यावर गाडी जात नाही, त्यामुळे शाळेपर्यंत आणावं लागेल. तिसरी: पहिलटकरीण, तारीख ५ जून. १५ तारखेच्या सुमारास माहेरी जाणार. माहेरच्या गावच्या आशाचा नंबर कार्डाच्या मागे लिहिला आहे.’

‘लक्ष ठेवणे’, ‘पाठपुरावा करणे’ हे शब्द यात कुठेच नाहीत. प्रत्येक ओळीत कोण, कुठे आणि कधी आहे. शेजारची सिस्टर त्या घरात कधी गेलेली नसते. सासू तयार आहे की नाही, नवरा कधी सापडतो, हे तिला कोणत्याही रजिस्टरात मिळणार नाही. रक्त, वजन, बीपी रजिस्टरात असतंच, ते पुन्हा उतरवत बसू नका.

लसीकरणाच्या सत्रांचंही तसंच. तारीख आणि गाव सगळेच लिहितात. पण मे महिन्यात आपल्याकडे पहाटेच घरदार तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातं. बाया साडेदहा-अकराच्या पुढे गावात परततात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेतात. नऊ वाजता अंगणवाडीत जाऊन बसलं तर म्हातारी माणसं आणि दोन लेकरं. त्या दोघांसाठी गोवर-रुबेलाची कुपी विरघळवून ठेवली तर ती चार तासांत टाकून द्यावी लागते, आणि बाकीच्या आया येतात तोवर त्यातला बराच वेळ गेलेला असतो. म्हणून तिने लिहिलं: ‘१५ तारखेचं सत्र साडेअकराला सुरू करावं. गोवर-रुबेलाची कुपी लेकरं जमल्याशिवाय उघडू नये. लसीची पेटी आणणाऱ्याला वेळ कळवली आहे.’ ही शेवटची ओळ महत्त्वाची. वेळ बदलली आणि पेटीवाल्याला कोणी सांगितलंच नाही, तर तो आठला पेटी ठेवून निघून जातो.

साठा देताना दोघींनी मिळून मोजायचा आणि वहीत दोघींच्या सह्या घ्यायच्या. लोहाच्या गोळ्या, ओआरएस, झिंक, आणि लसीनंतर त्रास झाला तर लागणाऱ्या किटमधल्या इंजेक्शनांची मुदत. ती मुदत रजेतच संपत असेल तर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रातून बदलून घ्या. किल्ल्या आशाच्या घरी ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आशा विश्वासाची असते, प्रश्न तो नाही. साठ्याची जबाबदारी तिच्यावर नाही, आणि कमी-जास्त निघालं तर उगाच तिचं नाव येतं.

अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या. अर्जित रजा सरांच्या शिफारशीने पुढे जाते, त्याला वेळ लागतो. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या आणि ती जपून ठेवा. आधी आरोग्य सहायिकांना भेटा. त्यांना वगळून थेट सरांपुढे कागद ठेवला तर सर तो त्यांच्याकडेच पाठवतात, आणि त्यांना राग आलेला असतो तो वेगळा.

या मुलीच्या अर्जावर सरांनी एक बदल सुचवला. २० तारखेला शेजारच्या सिस्टरचं स्वतःचंच सत्र होतं, ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. ते सत्र २२ ला ढकललं. मग तिला आशांच्या याद्यांवर, हस्तांतरणाच्या कागदावर आणि पेटीवाल्याकडे, तिन्ही ठिकाणी तारीख बदलावी लागली. मंजुरीचा कागद हातात आल्यावरच तिने गाडीचं तिकीट काढलं.

परत आल्यावर २६ तारखेला रुजू अहवाल द्यायचा. त्याच दिवशी शेजारच्या सिस्टरसोबत बसून यादीतल्या प्रत्येक नावापुढे काय झालं ते लिहून घ्यायचं, आणि साठा पुन्हा मोजूनच किल्ल्या घ्यायच्या. तिसरी बाई ठरल्याप्रमाणे माहेरी गेलीच नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. तिची तारीख अजून दहा दिवसांवर होती, म्हणून दुपारीच ती तिच्या घरी गेली.